ऑटोमेशन टेस्टिंग, ६ वर्षं, पुणे: किती सीटीसी मागावं?

प्रश्न: "एचआर एक्स्पेक्टेड सीटीसी विचारते. अँबिशनबॉक्सवर एक आकडा, मित्र दुसराच सांगतात. योग्य मार्केट रेट नक्की काढायचा कसा?"

मी पुण्यात बरीच वर्षं आयटी रिक्रूटमेंटमध्ये आहे. गेल्या वर्षी माझा मावसभाऊ नेमक्या याच पेचात होता, तेव्हा आम्ही दोघांनी बसून त्याचा आकडा काढला होता. तेच सांगते.

आधी सगळे आकडे एका मापात आणा, कारण मित्रांचे आकडे जुळत नाहीत ते बहुतेक वेळा इथेच. भावाच्या मित्राला "१८ लाखांची" ऑफर होती. आम्ही त्याच्याकडून ऑफर लेटरचं शेवटचं पान मागून घेतलं, ज्यावर पगाराची फोड असते. त्यात व्हेरिएबल १.८ लाख आणि जॉइनिंग बोनस १.५ लाख, तोही एकदाच आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. बेसिक ९ लाख होतं, त्यावर १२ टक्क्यांनी कंपनीचा पीएफ १.०८ लाख. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ४३ हजार, आणि ती साधारणपणे ५ वर्षं टिकलात तरच मिळते. विम्याचे २० हजार. हे सगळं वजा केल्यावर पक्का पगार उरला जेमतेम १३ लाख, त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ आणि टॅक्स जायचा तो वेगळाच. पीएफ शेवटी आपलाच पैसा आहे, पण काही कंपन्या तो पूर्ण बेसिकवर भरतात आणि काही महिना १,८०० रुपयांवरच थांबतात, म्हणून तुलनेत तो बाजूला ठेवायचा. मी हा पक्का आकडाच धरते, आणि पुढचे सगळे आकडे त्याच मापातले आहेत.

अँबिशनबॉक्ससारख्या साइटवर सरासरी बघू नका. तिथे लोक स्वतः पगार भरतात, कुणी सीटीसी लिहितं, कुणी हातात येणारी रक्कम. कंपनी, हुद्दा आणि अनुभव असे तिन्ही फिल्टर लावा, आणि तो आकडा किती जणांनी भरलेल्या पगारांवरून आलाय ते वाचा. चार-पाच जणांचाच असेल तर त्याला फारसं वजन देऊ नका. हुद्द्याच्या नावावरही जाऊ नका. एका कंपनीत ३ वर्षांत सीनियर इंजिनिअर होतात, दुसरीत ७ लागतात.

नोकरीच्या जाहिरातीत बहुधा रेंज नसतेच. असली आणि १० ते २० लाख अशी ऐसपैस असली, तर ती जास्तीत जास्त अर्ज यावेत म्हणून टाकलेली असते. त्यापेक्षा पहिल्याच फोनवर रिक्रूटरला सरळ विचारा, "या पोझिशनचं बजेट किती आहे?" आम्हाला हा प्रश्न रोज येतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत जाहिरातीत रेंज देणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून तिथले आकडे दिसतात. पण ते रुपयांत बदलून पुण्याला लावू नका.

खरा भरवसा ताज्या ऑफर्सवर. गेल्या वर्षभरात ज्यांनी नोकरी बदलली किंवा ऑफर नाकारली, असे ६-७ जण गाठा. "तुला किती मिळतात?" असं विचारलं की माणूस अवघडतो. भाऊ विचारायचा, "माझ्या प्रोफाइलला मी फिक्स्ड १४ मागितले तर जास्त होतील का?" त्यावर लोक आपणहून बोलले. एकाने तर स्वतःचा अख्खा ब्रेकअप पाठवला.

सात जणांचे आकडे असे आले: ९.८, ११.५, १२, १२.८, १३, १३.५ आणि १७ लाख. ९.८ वाला ५ वर्षं एकाच कंपनीत होता. त्याचा आकडा म्हणजे अप्रेझल्सची बेरीज, बाजाराने त्याला नव्याने तोललंच नव्हतं. १७ वाला नव्याने फंडिंग मिळालेल्या प्रॉडक्ट स्टार्टअपमध्ये, आणि भावाला कॉल होता सर्व्हिस कंपनीचा. दोघांना वगळलं. उरलेल्या पाचांतला मधला आकडा १२.८. सरासरी काढली नाही, कारण एखादा टोकाचा आकडा तिला ओढून नेतो. शिवाय चांगल्या ऑफर्सच लोक हौसेने सांगतात, त्यामुळे खरा मध्य याहून थोडा खालीच असणार असं मी धरलं.

म्हणून ठरवलं: मागायचे १३.५, आणि १२ च्या खाली जायचं नाही. त्याचा तेव्हाचा पगार ९ होता. एचआरने "करंट फिक्स्डवर ३० टक्के वाढ देतो" म्हटलं, म्हणजे ११.७ च्या आसपास. त्याने सांगितलं, "माझ्या अनुभवाच्या लोकांना याच कामासाठी सध्या १२ ते १३.५ फिक्स्ड मिळतंय, मला त्या रेंजमध्ये ऑफर हवी आहे." बजेट १३ होतं, १२.६ वर ठरलं.

तुमचं स्किल फार दुर्मीळ असेल तर असे सात जण मिळणार नाहीत. तेव्हा दोन-तीन कंपन्यांचे इंटरव्ह्यू एकाच वेळी चालू ठेवा. हातात आलेली लेखी ऑफर हाच मग तुमचा डेटा.