परचेस आणि प्रॉडक्शनची भांडणं: नवीन सुपरवायझरसाठी

अरे, तू रत्नागिरीत पल्पच्या कारखान्यात नवीन लागलायस, म्हणून आत्ताच सांगतो, मे महिन्यात परचेस आणि प्रॉडक्शनवाले भांडताना दिसले की लगेच माणसांना दोष देऊ नकोस. आमच्याकडे वरून नुसतं "माल वाढवा" एवढंच आलेलं, मग परचेसने टन मोजले आणि स्वस्तात मिळेल तो आंबा उचलला, तर प्रॉडक्शन मोजत होतं पल्प, आणि अर्धा आंबा कच्चा, ब्रिक्स म्हणजे रसातली साखर १६ च्या खाली, अढीत अजून चार दिवस ठेवायला हवा होता. त्यात बुधवारी साहेब म्हणाले आधी आंब्याच्या पेट्या बाहेर पाठवा, मग लाईन रिकामी आणि शिव्या परचेसला.

आम्ही शेवटी गेटवर फळा लावला, त्यावर एकच ओळ: उद्या किती टन पिकलेला आंबा लाईनला हवाय. दोन्ही खात्यांचा आकडा तोच. प्रायोरिटी बदलायची तर संध्याकाळी चारला, एकाच माणसाने, आणि नवीन काम लिहिताना कुठलं थांबतंय तेही त्याच फळ्यावर लिहायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं बघ. भांडणं पूर्ण थांबली नाहीत, पाऊस लवकर आला की सगळं विस्कटतंच, पण कच्च्या आंब्याचे ट्रक गेटवरच कळायला लागले.