तूरडाळीचा राखीव कट्टा आणि रव्याची मर्यादा

प्रश्न: माझ्या खानावळीत कधी तूरडाळ ऐन दुपारी संपते, तर कधी रव्याला जाळी धरते. किराण्याची पार लेव्हल आणि रीऑर्डर पॉइंट कसे ठरवायचे?

या दोन्ही आकड्यांचे काम वेगवेगळे आहे. रीऑर्डर पॉइंट म्हणजे साठा जेवढा उरला की दुकानदाराला फोन करायचा ती पातळी, आणि पार लेव्हल म्हणजे ठरलेल्या वारी मागणी देताना हातातला व वाटेतला माल धरून जिथपर्यंत साठा भरायचा ती पातळी. मी पुण्यात विद्यार्थ्यांची मेस चालवतो. तिथे जास्त खपाच्या तूरडाळीसाठी मी पहिली पद्धत वापरतो आणि रवा, बेसन, पोहे यांसाठी दुसरी.

डाळीचा आमचा हिशोब असा आहे. आठवड्याच्या सुरुवातीचा साठा अधिक आलेला माल, त्यातून शेवटचा साठा वजा केला की खप निघतो. चार आठवड्यांचे आकडे ४१, ४३, ४० आणि ४८ किलो आले, म्हणजे दिवसाला साधारण सहा किलो. माल एरवी दोन दिवसांत येतो. मात्र मध्ये सुट्टी आली किंवा टेम्पो चुकला की चार दिवस लागतात. रोजच्या सर्वाधिक खपाला, म्हणजे आठ किलोला, चाराने गुणले तर ३२ येतात, परंतु सलग चार दिवस आठ-आठ किलो डाळ आमच्याकडे कधीच लागलेली नाही. म्हणून मी वहीतून कोणत्याही सलग चार दिवसांची सर्वांत मोठी बेरीज काढली. ती २७ किलो निघाली आणि रीऑर्डर पॉइंट तोच ठरला. त्यातले १२ किलो नेहमीच्या दोन दिवसांत जातात. उरलेले १५ किलो ही अडीअडचणीची शिल्लक.

आमच्याकडे डाळ ३० किलोच्या कट्ट्यात येते, त्यामुळे २७ चा आकडा कागदावर ठेवण्याऐवजी मी एक कट्टा तोंड न उघडता वेगळा ठेवतो आणि त्याला लाल दोरी बांधतो. बाहेरचे पिंप रिकामे झाले की आचारी दोरी कापतो आणि कापलेली दोरी गल्ल्याजवळच्या खिळ्याला अडकवतो. ती दिसली की त्याच दिवशी फोन जातो, आणि नवा माल येईपर्यंत ती तिथेच राहते, म्हणजे वाटेतला माल विसरून दुसऱ्यांदा मागणी दिली जात नाही. अशी दुहेरी मागणी आमच्याकडे दोनदा झाली होती आणि दोन्ही वेळा कट्टे जिन्याखाली ठेवावे लागले.

वहीतल्या आकड्यांत एक फसवा भाग असतो. ज्या दिवशी डाळ दुपारीच संपली आणि रात्री पिठले करावे लागले, त्या दिवशीचा खप कमी दिसतो. तो तसाच धरला तर सरासरी उतरते, पातळी खाली येते आणि डाळ पुन्हा संपते. असा दिवस सरासरीतून काढावा.

रव्याची मागणी मी दर सोमवारी देतो, त्यामुळे पुढच्या सोमवारचा माल पोहोचेपर्यंतचे, म्हणजे सात अधिक दोन, असे नऊ दिवस भागले पाहिजेत. आठवड्यातून तीनदा शिरा किंवा उपमा होतो आणि प्रत्येक वेळी चार किलो रवा लागतो. त्या नऊ दिवसांत जास्तीत जास्त चार नाश्ते येतात, म्हणजे १६ किलो, आणि माल उशिरा आला तर आणखी एका नाश्त्याचे चार, अशी पार लेव्हल २० किलो. सोमवारी डब्यात सात किलो असले आणि वाटेत काही नसले तर मागणी १३ किलोची.

मात्र ही पातळी खपावरून निघाली असली तरी तिची वरची मर्यादा रवा किती दिवस टिकतो यावर ठरते. पावसाळ्यात दमट हवेत रव्यात पोरकिडे व जाळी लवकर होतात, म्हणून जूनपासून मी सोमवारी आणि गुरुवारी अशी दोनदा मागणी देतो. मागणीतले अंतर घटल्यामुळे पार लेव्हल १२ किलोंवर येते. भाव उतरला म्हणून ५० किलोंचे पोते घेणे या काळात महागात पडते. नवा रवा जुन्यावर ओतू नये. जुना संपवून, डबा कोरडा करून मगच नवा भरावा.

आषाढी एकादशी किंवा महाशिवरात्रीला साबुदाणा, शेंगदाणे आणि वरीचे तांदूळ एकाच दिवशी भरपूर लागतात. त्यासाठी कायमची पातळी वाढवू नये. वेगळी एकवेळची मागणी द्यावी आणि तो खप सरासरीत मिसळू नये.

पातळी बरोबर बसली का, हे नवा माल दारात उतरतो त्या क्षणी जुना किती उरला आहे त्यावरून कळते. डाळीच्या बाबतीत मी तो आकडा प्रत्येक वेळी पावतीच्या मागे लिहितो. तो १५ ते १८ किलोंच्या आसपास असेल तर ठीक. सलग तीन-चार वेळा २० च्या वर राहिला तर पातळी थोडी उतरवतो, आणि एकदा जरी सहाच्या खाली गेला तर त्या वेळी खप वाढला होता की माल उशिरा आला, हे आधी तपासतो. खप वाढला असेल तर सलग चार दिवसांची सर्वांत मोठी बेरीज नव्याने काढतो, आणि माल उशिरा आला असेल तर चाराऐवजी पाच दिवसांची बेरीज धरतो.