प्रॅक्टिकल बुडालं, मॅडमना ईमेल कसा लिहू?

प्रश्न: तापामुळे केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल बुडालं. परत करू द्या, असा ईमेल मॅडमना कसा लिहू?

उत्तर: कोणत्या बॅचबरोबर करता येईल, ते आधी स्वतः शोधा आणि तेच सुचवा. आयोडोमेट्रीचं उदाहरण घेऊ. त्याला स्टार्चचं द्रावण ताजं लागतं, थायोसल्फेटही प्रमाणित करावं लागतं. एकटीसाठी हा घाट कोण घालणार? दुसऱ्या बॅचच्या दिवशी सगळं मांडलेलं असतंच.

विषय: मंगळवारचं आयोडोमेट्री प्रॅक्टिकल, बॅच ए, रोल नंबर २७

आदरणीय मॅडम,
तापामुळे मंगळवारी प्रॅक्टिकलला येऊ शकले नाही. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं आहे. बॅच सी हाच प्रयोग शुक्रवारी दुपारी करणार आहे. तेव्हा एखादं ब्युरेट मोकळं असल्यास मला प्रयोग करू द्याल का? त्या वेळी माझं लेक्चर नाही. जर्नलमध्ये तत्त्व आणि कृती लिहून आणते, रीडिंग त्याच दिवशी तपासून घेईन.
आपली विद्यार्थिनी,
(नाव, वर्ग)

तापाचं वर्णन लांबवू नका. आणि उत्तर येईपर्यंत मैत्रिणीची रीडिंग जर्नलात उतरवून ठेवू नका. दोघींची ब्युरेट रीडिंग दुसऱ्या दशांशापर्यंत जुळली, की तपासणाऱ्याला लगेच कळतं.