‘बोजड’ म्हणायचं कधी?

प्रश्न : "गुहागरच्या किनाऱ्याबद्दल विद्यार्थिनीने पाचवीच्या मुलांसाठी उतारा लिहिलाय. वाक्य किती शब्दांचं झालं की ‘बोजड’ असा शेरा मारावा? इंग्रजीतलं वाचनसुलभतेचं सूत्र मराठीला चालेल का?"

सूत्र जसंच्या तसं चालणार नाही. रुडॉल्फ फ्लेशचं १९४८चं सूत्र वाक्यातले शब्द आणि शब्दातले उच्चाराचे तुकडे, म्हणजे अक्षरं, मोजतं, आणि त्यातले आकडे इंग्रजीवरून काढलेले आहेत. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘किनाऱ्यावरच्या’ हा सहा अक्षरांचा शब्द पाचवीतलं पोर सहज वाचतं आणि दोन अक्षरांच्या ‘क्षार’पाशी अडतं. म्हणून अक्षरं मोजून शब्दाची कठीणता कळत नाही.

वाक्याचं तसं नाही, तिथे मोजणी उपयोगी पडते. फक्त काय मोजायचं ते बदलावं लागतं. कालवं म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शिंपल्यातले जीव. त्यांच्याबद्दलचं हे वाक्य पाहा :

"ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकाळ किनाऱ्यावर आढळणाऱ्या व स्थानिक लोकांच्या आहारात महत्त्वाचे स्थान असणाऱ्या कालवांचे संकलन प्रामुख्याने महिलांकडून केले जाते."

शब्द वीस. पण खरी अडचण ही की ‘कालवांचे’ पंधरावा शब्द आहे. आधीचे चौदा शब्द कशाबद्दल आहेत हे न कळताच मुलाला ते मनात धरून ठेवावे लागतात. त्यात ‘-णाऱ्या’ तीनदा आलंय, आणि उघडा पडतो तो किनारा की उघडी पडतात ती कालवं, हेही नक्की होत नाही. म्हणून नामावर बोट ठेवा आणि त्याच्या आधीचे वर्णनाचे शब्द मोजा. पाचवीसाठी चार-पाच शब्दांपलीकडे गेलं की वाक्य फोडायला सांगा :

"ओहोटी लागली की खडक उघडे पडतात. त्या खडकांना कालवं चिकटलेली असतात. ती मुख्यतः बायका काढतात. इथले लोक ती आवडीने खातात."

हेही वीसच शब्द आहेत, पण वाक्यं चार. तोडताना ‘लागली की’ मात्र तोडू नये. ‘ओहोटी लागते. खडक उघडे पडतात.’ असं केलं तर दर वाक्यातल्या शब्दांची सरासरी आणखी घटते, पण कशामुळे काय होतं तो धागा सुटतो. छोटी वाक्यं म्हणजे सोपी वाक्यं, हा समज इथे फसतो.

शब्दांबाबत वाचक कुठला ते विचारा. गुहागरच्या मुलाला ‘कालवं’ घरचं आणि ‘संकलन’ परकं. तोच उतारा पुण्यात वाचला जाणार असेल, तर ‘कालवांचे’ हे ‘कालव्यांचे’ असं वाचलं जाऊन पाण्याचा कालवा डोळ्यांपुढे येऊ शकतो. तिथे ‘खडकाला चिकटून राहणारा शिंपल्यातला जीव’ एवढं जोडावंच लागेल.

शंका राहिली तर त्या वयाच्या मुलाकडून उतारा मोठ्याने वाचून घ्या आणि पुस्तक मिटवून विचारा, "कालवं कोण काढतं?" ‘महिलांकडून केले जाते’ वाचलेलं मूल इथे बहुधा घुटमळतं, कारण या रचनेत करणारी माणसं आडोशाला जातात.

आता शेऱ्याबद्दल. ‘बोजड’ हा शब्द मी ‘संकलन’, ‘प्रामुख्याने’ अशा शब्दांपुरता राखून ठेवीन. वाक्याला ‘गुंतलेलं’ म्हणावं. नुसतं ‘बोजड’ लिहिलं तर विद्यार्थिनी शब्द बदलेल आणि चौदा शब्दांची रांग तशीच ठेवेल.