वैयक्तिक प्रार्थनेत स्तुती, उपकारस्तुती, पापांगीकार आणि विनंती

प्रश्न: स्तुती, उपकारस्तुती, पापांगीकार आणि विनंती या चारांत नेमका फरक काय? माझी रोजची प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादीच होऊन बसते. एकटीने प्रार्थना करताना हे चारही भाग कसे बसवावेत?

उत्तर: ख्रिस्ती प्रार्थनेविषयी तुम्ही विचारत आहात असे गृहीत धरून लिहितो. आमच्या मंडळीत नव्याने प्रार्थना करू लागलेल्यांसोबत मी बसतो, तेव्हा आधी त्यांना आपल्याच प्रार्थनेतली वाक्ये तपासायला सांगतो. वाक्यात कोणाविषयी बोलले आहे आणि क्रियापद कोणते आहे, एवढे पाहिले की बहुतेक वेळा भाग ओळखता येतो. ‘तू विश्वासू आहेस’ ही स्तुती आहे, ‘तू मला सांभाळलेस’ ही उपकारस्तुती, ‘मी खोटे बोललो’ हा पापांगीकार आणि ‘मला धीर दे’ ही विनंती. पापाची क्षमा मागणे हीसुद्धा विनंतीच आहे. पापांगीकार तिच्या आधी येतो आणि त्यात केवळ घडले ते मान्य केलेले असते. ‘माझ्या पापांची क्षमा कर’ एवढे म्हणून पुढे गेलो, तर मागणे झाले, कबुली राहूनच गेली.

स्तुती आणि उपकारस्तुती यांची गल्लत सर्वांत जास्त होते, कारण देवाचा चांगुलपणा आपल्याला बहुधा मिळालेल्या गोष्टींतूनच कळतो. हबक्कूक संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट वाचला की दोहोंतली सीमा स्पष्ट दिसते. अंजिराला फुले नाहीत, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, असे एकेक सांगून तो म्हणतो की तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आभार मानावेत असे त्या वर्षी त्याच्या हाती काहीच नव्हते. पण देव कोण आहे हे बदललेले नव्हते आणि ती स्तुती त्यावरच उभी आहे. म्हणून ज्या दिवशी आभारासाठी काही सुचत नाही त्या दिवशीही स्तुती करता येते, आणि माझ्या मते अशाच दिवशी तिची गरज अधिक असते. उपकारस्तुतीला मात्र घडलेली गोष्ट लागते. ‘सर्व आशीर्वादांसाठी तुझे आभार’ हे वाक्य खोटे नसते, पण त्यात आपल्याला काहीच आठवावे लागत नाही. ‘काल ताप उतरला आणि आईला रात्री झोप लागली’ असे म्हणायचे तर कालचा दिवस डोळ्यांपुढे आणावाच लागतो.

उपकारस्तुती बिघडू शकते, याचे उदाहरण प्रभू येशूनेच दिले आहे. लूकच्या १८व्या अध्यायातला परूशी मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो, परंतु इतर माणसांसारखा आणि या जकातदारासारखा मी नाही, हे त्याच्या आभाराचे कारण असते. वाक्य आभाराचे असले तरी स्तुती त्याने स्वतःचीच केली. आपल्या आभाराच्या वाक्यात दुसऱ्या कोणाचा कमीपणा आला असेल, तर तिथे थांबून ते वाक्य पुन्हा म्हणावे.

पापांगीकारात दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे मोघमपणा. ‘कळत-नकळत घडलेली पापे’ हे शब्द उपासनेत सर्वांनी मिळून म्हणताना योग्यच आहेत, कारण तिथे प्रत्येकाचे पाप वेगळे असते. एकांतात मात्र त्यांच्या आड लपता येते. दुसरी म्हणजे सबब. कबुलीच्या वाक्यात ‘पण’ किंवा ‘कारण तिनेच आधी’ आले, की आपण देवापुढे स्वतःची वकिली करू लागलो असे समजावे. ५१व्या स्तोत्रात दयेची याचना केल्यावर गायक आपले अपराध आपण जाणतो असे सरळ म्हणतो आणि दोष कोणावरही ढकलत नाही. त्याबरोबरच, जे पाप नाही ते कबूल करू नये. थकवा, शोक, आजारपणातली चिडचिड यांतले काय दुर्बलता आहे आणि काय अपराध, हे न कळल्यास तसेच देवाला सांगावे. कॅथलिक वाचकांसाठी एवढेच सांगतो की एकांतातला पापांगीकार धर्मगुरूपुढच्या पापनिवेदन संस्काराची जागा घेत नाही. दोन्ही आपापल्या जागी आहेत.

आता रचनेविषयी. स्तुती, पापांगीकार, उपकारस्तुती आणि शेवटी विनंती हा क्रम पुष्कळ मंडळ्यांत शिकवला जातो आणि सुरुवातीला तोच धरावा. तो का उपयोगी पडतो हे समजण्यासाठी नहेम्याच्या पहिल्या अध्यायातली प्रार्थना सावकाश वाचावी. नहेम्या शूशन राजवाड्यात पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेचा तट पडला आहे आणि वेशी जळाल्या आहेत ही बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली. तो रडला, त्याने उपास केला आणि प्रार्थना केली. ती प्रार्थना देवाच्या थोरवीने आणि करार पाळणाऱ्या त्याच्या दयेने सुरू होते. मग तो इस्राएल लोकांची पापे कबूल करतो आणि त्यांत ‘मी व माझ्या बापाच्या घराण्याने’ असे म्हणून स्वतःला धरतो. तट पडला तेव्हा तो तिथे नव्हता, तरीही. त्यानंतर तो देवाने मोशेला दिलेल्या वचनाची आठवण करतो, आणि ज्यांना तू आपल्या सामर्थ्याने सोडवलेस तेच हे लोक आहेत, असे म्हणतो. स्वतंत्र उपकारस्तुती इथे नाही; देवाने पूर्वी केलेल्या सुटकेची ही आठवण तिच्या सर्वांत जवळची आहे. आपल्या प्रार्थनेत एखाद्या दिवशी चारांपैकी एक भाग अगदी छोटा राहिला किंवा आलाच नाही, तर त्यामुळे घाबरून जाऊ नये, हे मला इथेच उमगते.

आणि शेवटी विनंती येते: आज तुझ्या सेवकाला यश दे आणि या मनुष्याची त्याच्यावर कृपादृष्टी होऊ दे. ‘हा मनुष्य’ म्हणजे राजा. तट बांधून दे असे नहेम्या म्हणत नाही. ज्या एका दारातून पुढे जायचे ते दार उघडावे एवढेच मागतो. स्तुती आणि पापांगीकार आधी झाल्याने त्याची विनंती नेमकी झाली आणि तिच्यात त्याची स्वतःची जबाबदारीही आली, असे मी मानतो. मागण्यांची यादी होते ही तुमची तक्रार इथे सुटू शकते, कारण पहिले तीन भाग मनापासून झाले तर यादीतल्या काही मागण्या आपोआप गळतात आणि काहींचे रूप बदलते.

समजा, एका बाईच्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मंगळवारी आहे, आणि खर्चावरून तिचा भावाशी फोनवर वाद झाला आहे. ती प्रार्थनेला बसते तेव्हा ओठांवर दोन मागण्या असतात: शस्त्रक्रिया सुखरूप होऊ दे आणि भावाला सुबुद्धी दे. तिने या क्रमाने प्रार्थना केली तर ती साधारण अशी होईल.

‘हे स्वर्गातील पित्या, तू आम्हांला घडवलेस, आमचे दुबळे शरीर तुला ठाऊक आहे. तू पक्षपात करत नाहीस; माझ्यावर आणि माझ्या भावावर तुझी सारखीच प्रीती आहे. प्रभू, काल मी त्याला टोचून बोलले. त्याला लागावे म्हणूनच मी ते शब्द निवडले. आईसाठी मी किती केले हेही मी त्याच्यापुढे मोजून दाखवले. मला क्षमा कर. आई गेला महिनाभर काठी धरून का होईना, पण घरात चालू शकली, म्हणून तुझे आभार. शेजारच्या काकूंनी दवाखान्यात सोबत यायचे कबूल केले, म्हणून तुझे आभार. मंगळवारी शल्यविशारदाचा हात स्थिर ठेव, जखमेत जंतुसंसर्ग होऊ देऊ नको, आईला रात्रीच्या वेदनेत धीर दे. आज भावाला फोन करताना सबब न सांगता चूक कबूल करायला मला बळ दे. त्याच्या घरची ओढाताण मला नीट ठाऊक नाही. त्याची गरज पुरव. तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. येशूच्या नावाने मागते, आमेन.’

स्तुतीत तिने मनात येतील ते सगळे गुण मोजले नाहीत. प्रसंगाला लागू पडणारे दोनच घेतले, आणि त्यांतल्या दुसऱ्यानेच तिला पापांगीकाराकडे नेले. ‘भावाला सुबुद्धी दे’ ही मागणी कबुलीनंतर उरलीच नाही. तिच्या जागी स्वतःसाठी बळाची आणि भावासाठी मध्यस्थीची विनंती आली. आणि या प्रार्थनेनंतर फोन करणे तिला टाळता येणार नाही. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभूने मत्तयाच्या ५व्या अध्यायात सांगितले आहे. ज्याचा अपराध केला त्याच्याकडे जाणे शक्य आणि सुरक्षित असताना केवळ देवापुढच्या कबुलीवर थांबू नये.

हा क्रम म्हणजे नियम नव्हे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर क्षमेच्या आधी मागितली आहे. १३वे स्तोत्र ‘कोठवर?’ या हाकेने सुरू होते आणि आनंदाच्या ओळी शेवटी येतात. बुडताना पेत्राने एवढेच म्हटले की प्रभूजी, मला वाचवा, आणि येशूने लगेच हात पुढे केला. किसलेवपासून सुमारे चार महिने गेल्यावर, निसान महिन्यात राजाने ‘तुझी काय विनंती आहे?’ असे विचारले, तेव्हा नहेम्याने उत्तर देण्याआधी तिथल्या तिथे स्वर्गीय देवाची प्रार्थना केली. त्या क्षणी चार भागांना वेळ नव्हता. संकट अंगावर आले असेल तर विनंतीपासूनच सुरुवात करा. बाकीचे भाग नंतर, जीव थाऱ्यावर आल्यावर होतील.

रोजच्यासाठी दहा-पंधरा मिनिटे पुरतात. सुरुवातीचे काही आठवडे वहीत प्रत्येक भागाची दोन-तीन वाक्ये आधी लिहावीत आणि मग ती मोठ्याने म्हणावीत, म्हणजे मन भरकटत नाही. विनंतीपुढे तारीख घालावी. शस्त्रक्रिया पार पडली की ती ओळ पुढच्या प्रार्थनेत उपकारस्तुतीत येते, आणि उपकारस्तुतीला काय लिहावे हा प्रश्न पडत नाही. जी विनंती महिनोन्‌महिने तशीच राहते ती खोडू नये. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, पण ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर त्याला मिळाले. त्यामुळे अशा ओळीपाशी आल्यावर तीच मागणी पुन्हा करायची की ती सोसण्याचे बळ मागायचे, हे त्या दिवशी देवालाच विचारावे आणि जे सुचेल ते त्याच ओळीखाली लिहून ठेवावे.