शेऱ्यांच्या न उघडलेल्या फाइलीबद्दल

काम पुढे ढकलण्याबद्दलचं तुझं पत्र वाचलं, सोबतचं नवं वेळापत्रकही पाहिलं. अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन नीट रंगवले आहेस, पण मला त्यात रस नाही. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणावर गाईडने शेरे देऊन फाइल पाठवली, तिला तीन आठवडे होऊन गेले आणि तू ती अजून उघडलेली नाहीस. याच काळात संदर्भसूची दोनदा नीटनेटकी केलीस आणि नवे लेख उतरवून घेतलेस. म्हणजे वेळ होता. तू काम टाळत नाहीस, त्या कामाने जे वाटतं ते टाळतेस.

नेमकं काय घडतं ते बघ. मेल दिसतो आणि पोटात गोळा येतो. 'आधी संदर्भसूची आवरू' असा विचार येतो आणि त्या क्षणी गोळा विरतो. कामाला हात लागायच्या आतच सुटका झालेली असते. ही सुटका बक्षिसासारखी काम करते आणि पुढच्या वेळी हात आपोआप दुसरीकडे वळतो. एरवी शहाणी असलेली तू इथेच अडकतेस, कारण बक्षीस लगेच मिळतं आणि किंमत नंतर मोजावी लागते.

टाइस, ब्राट्स्लाव्हस्की आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. काहींना मुद्दाम उदास केलं आणि चाचणीपूर्वी सरावाला वेळ दिला. हाताशी मनोरंजनाच्या गोष्टी होत्या. उदास लोकांनी सराव सोडून त्यातच जास्त वेळ घालवला. पण ज्यांना 'तुमची मनःस्थिती आता काही वेळ बदलणारच नाही' असं पटवलं होतं, त्यांनी तशी टाळाटाळ केली नाही. बरं वाटण्याची आशाच उरली नाही, तेव्हा पळण्यात अर्थ उरला नाही. वेळ सगळ्यांना सारखाच होता, हे ध्यानात घे.

म्हणून पहिलं काम भावनेला नेमकं नाव देण्याचं. 'कंटाळा आला' हे चालणार नाही. कंटाळा, गोंधळ, भीती आणि लाज यांवरचे उपाय वेगळे आहेत. पुढचं पाऊल काय हेच कळत नसेल तर तो गोंधळ, त्यावर उपाय म्हणजे गाईडला विचारणं. तुझ्या पत्रात मला लाज दिसते: 'शेरे वाचले की मला काही येत नाही हे उघड होईल.' हे वाक्य कागदावर लिही, असंच्या असं.

मग फाइल उघड आणि दोन मिनिटं काही न करता समोर बस. गोळा वाढेल. लगेच ओसरलाच पाहिजे असा आग्रह धरू नकोस, तो असतानाही बसून राहता येतं एवढंच शिकायचं आहे. त्यानंतर शेरे वाच, पण दुरुस्ती करू नकोस. प्रत्येकापुढे एक अक्षर टाक: शुद्धलेखन आणि संदर्भाच्या दुरुस्त्यांना 'दु', गाईडला विचारायच्या गोष्टींना 'वि', पुन्हा लिहायच्या भागाला 'ले'. पंचवीस शेऱ्यांमध्ये 'ले' तीन-चार निघतील, कदाचित जास्तही. फाइल बंद असताना मात्र ते सगळेच 'ले' वाटतात.

इथे एक चूक हमखास होते. 'दु' सोपे म्हणून तू दिवसभर स्वल्पविराम सुधारशील आणि काम झाल्यासारखं वाटेल. तीही पळवाटच. ओळखायची खूण अशी: ज्या शेऱ्यावरून नजर सरकते, तोच आजचा. 'दु' दमल्यावर कर. उद्यासाठी आत्ताच एक ओळ लिहून ठेव: 'चहा संपला की पहिल्या 'ले' शेऱ्यावर जाईन, आणि गोळा आला तर त्याचं नाव लिहून तिथेच बसेन.' वेळापत्रकात ही दुसरी अर्धी ओळ कधीच नसते.

आता तीन आठवड्यांबद्दल. तू स्वतःला आळशी म्हणतेस आणि त्याला शिस्त समजतेस. मला हे अजिबात मान्य नाही. स्वतःला झोडपलं की फाइलीला आणखी एक वाईट भावना चिकटते आणि पळायला आणखी एक कारण मिळतं. वोल, पिचिल आणि बेनेट यांच्या २०१० च्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. माफ करणं म्हणजे झालं ते झालं असं मान्य करून पुन्हा फाइलीकडे वळणं, एवढंच. मी मवाळपणा शिकवतो असं कुणाला वाटलं तर वाटू दे. टाळलीस ती भावना, मग इलाजही तिच्यावरच हवा.

झोप, भूक उडाली असेल, आवडती कामंही होत नसतील, किंवा लहानपणापासून कशावरच लक्ष टिकत नसेल, तर हे उपाय पुरणार नाहीत. तेव्हा डॉक्टरांना भेट आणि ते टाळू नकोस.

गाईडच्या मेलला उत्तर आजच पाठव. उशिराची कारणं देत बसू नकोस, लांबलचक माफीनाम्याचा मसुदा पुन्हा चार दिवस खाईल. एवढं पुरे: 'उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. शेरे वाचले. छोट्या दुरुस्त्या शुक्रवारपर्यंत पाठवते. दोन मुद्द्यांवर बोलायचं आहे, केव्हा भेटू?'