बाजारभावाच्या यादीतून शेतमालनिहाय तक्ता

प्रश्न: बाजार समित्यांची रोजची यादी समितीनिहाय आहे. ती शेतमालनिहाय करून किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर कसे काढू?

पिव्होट टेबलमध्ये ओळींना शेतमाल, जात आणि परिमाण घ्या. परिमाण सोडू नका, नाहीतर क्विंटलचा आणि नगाचा दर एकाच ओळीत मिसळेल. किमान दरांतला सर्वांत लहान आणि कमाल दरांतला सर्वांत मोठा घेतला की ते दोन रकाने झाले. दर 0 असलेल्या ओळी मात्र आधी गाळा.

खरी गफलत सर्वसाधारण दरात होते. समजा, लाल कांद्याची एका समितीत आवक 8000 क्विंटल, दर 1500. दुसरीत 500 क्विंटल, दर 2100. साधी सरासरी 1800 येते, पण बहुतेक माल 1500 नेच विकला गेलाय. म्हणून आवकेचा भार द्या. A मध्ये शेतमाल-जात-परिमाण जोडून, D मध्ये आवक, G मध्ये सर्वसाधारण दर, H मध्ये `=D2*G2` आणि K2 मध्ये हवी ती शेतमाल-जात-परिमाणाची जोडी A सारखीच लिहिलेली असेल, तर:

```
=SUMIFS(H:H,A:A,K2)/SUMIFS(D:D,A:A,K2)
```

उत्तर सुमारे 1535. हा अंदाजच, सर्वाधिक माल नेमका कोणत्या भावाने गेला, ते प्रत्येक सौद्याच्या नोंदीशिवाय कळत नाही. तक्त्याखाली ‘आवकेनुसार भारित’ असं जरूर लिहा.